टी७९०एम ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी : बेळगाव सीमाभागातील कर्करोगतज्ज्ञांना आणि लॅबचालकांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी आणि लॅबचालक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘रक्तातून गाठीची तपासणी’ आता कुणाला नवलाची वाटत नाही. नमुना इथल्या कलेक्शन सेंटरवर घेतला जातो, कुरियरने मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्टची पीडीएफ रुग्णाच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडते. माझी नोकरीची बरीच वर्षं मॉलिक्युलर लॅबमध्ये गेली. आता मी बेळगावातच असते, त्यामुळे ओळखीपाळखीतून अशा पीडीएफ माझ्याकडे येत राहतात. उपचार काय द्यावेत हे सांगणं माझं काम नाही, ते तुमचं. पण रिपोर्टमधला आकडा कुठून आला आणि किती विश्वासाचा आहे, हे मला वाचता येतं. हे पत्र अशा रिपोर्टमधल्या एकाच ओळीबद्दल आहे : ‘टी७९०एम : नॉट डिटेक्टेड’.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून थोडक्यात सांगते. फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमा या प्रकारात आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल सापडतो. धूम्रपान कधीच न केलेल्या बायकांत तर तो जास्तच. अशांना गेफिटिनिबसारखी रोज एक गोळी चालते. साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त, गाठ दबून राहते आणि मग पुन्हा डोकं वर काढते. त्या वेळी निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याच जनुकात दुसरा बदल झालेला असतो, तो टी७९०एम. तो असेल तर ओसिमर्टिनिब ही पुढची गोळी काम करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑरा-३ चाचणीत टी७९०एम असलेल्या रुग्णांत या गोळीवर आजार सरासरी १०.१ महिने आवरून राहिला, केमोथेरपीवर ४.४ महिने. परदेशात आता ओसिमर्टिनिब पहिल्यापासूनच देतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न मागे पडला. आपल्याकडे किमतीमुळे अजूनही पुष्कळांची सुरुवात गेफिटिनिबनेच होते. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क काढलं, तरी गेफिटिनिबची जेनेरिक गोळी आणि ही गोळी यांच्या किमतीत फार अंतर आहे. म्हणून निपाणीच्या किंवा खानापूरच्या रुग्णासाठी ही एक ओळ आजही निर्णायक आहे.

आता एक प्रकरण. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आकड्यांचा हिशेब मात्र तसाच आहे. निपाणीकडच्या एक मावशी, साठीच्या आसपासच्या. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीशेजारी राहिल्या म्हणून सगळ्यांनी आजाराचा दोष तंबाखूला दिला. गाठीच्या तपासणीत ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागातला तुकडा गळालेला निघाला, म्हणजे गोळी लागू पडणार होती. आणि पडलीही. वर्षभराहून जास्त काळ त्या स्वयंपाक करत होत्या, लग्नाकार्याला जात होत्या. मग खोकला वाढला आणि सीटीत गाठ मोठी दिसली. डॉक्टरांनी टी७९०एमसाठी रक्त पाठवायला सांगितलं, ते बरोबरच होतं. सुईने फुप्फुसातून पुन्हा तुकडा काढण्यापेक्षा रक्त देणं केव्हाही सोपं. अमेरिकेच्या एफडीएने प्लाझ्मावरच्या, म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवावरच्या, ईजीएफआर तपासणीला २०१६ मध्येच मान्यता दिलेली आहे.

रिपोर्ट आला : टी७९०एम नॉट डिटेक्टेड. त्यांच्या मुलाचा फोन आला, “मॅडम, निगेटिव्ह आलाय. म्हंजे चांगलंच झालं न्हवं?” तिकडे केमोची तारीखही ठरली होती.

मी पीडीएफ पूर्ण मागवून घेतली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत टी७९०एम. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांतला तक्ता, आणि त्यात आणखी एक ओळ : एक्झॉन १९ डिलीशन, नॉट डिटेक्टेड.

इथेच थांबायला हवं होतं. एक्झॉन १९ चा बदल हा या आजाराचा मूळ बदल. तो गाठीच्या प्रत्येक पेशीत असतो. टी७९०एम नंतर येतो आणि काही पेशींतच असतो. गाठीच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात उतरतो, तोच ही तपासणी शोधते. तो पुरेसा आला असेल तर मूळ बदल दिसलाच पाहिजे. तो दिसत नाही याचा अर्थ एवढाच, की त्या नळीत गाठीचा डीएनए तपासणीला पुरेल इतका नव्हता. मग टी७९०एम आहे की नाही, हे त्या नळीला विचारण्यात हशील नाही. हा रिपोर्ट निगेटिव्ह नव्हता, अनिर्णित होता. याउलट रक्तात तरंगणाऱ्या एकूण डीएनएपैकी चांगल्या दोन-चार टक्क्यांत मूळ बदल दिसतोय आणि टी७९०एम नाही, असं असतं तर ‘नाही’ला बरंच वजन आलं असतं.

गाठीचा डीएनए इतका कमी का होता? तिसऱ्या पानावर एक आकडा होता, जो कुणी वाचत नाही : प्लाझ्माच्या दर मिलिलिटरला ६० नॅनोग्रॅम डीएनए. निरोगी माणसात हा आकडा सहसा एक ते दहाच्या मध्ये असतो. कर्करोगात तो वाढू शकतो, पण इतका वाढून त्यात गाठीचा मागमूस नसावा, हे जुळत नव्हतं. कलेक्शन सेंटरला फोन लावला. नमुना शनिवारी दुपारी साध्या जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घेतला होता, सेंट्रिफ्यूज न करता तसाच पाठवला होता आणि लॅबमध्ये तो सोमवारी उघडला गेला. म्हणजे जवळजवळ दोन दिवस रक्त पेशींसकट नळीत बसून होतं. तेवढ्या वेळात पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो. तो डीएनए रुग्णाचाच असतो, पण निरोगी पेशींचा.

मावशींचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी पेशी टिकवून ठेवणाऱ्या खास नळीत, ज्याला आपण स्ट्रेक ट्यूब म्हणतो. तीच लॅब, तीच तपासणी. डीएनए दर मिलिलिटरला सहा नॅनोग्रॅम निघाला. एक्झॉन १९ : २.२ टक्के. टी७९०एम : ०.७ टक्के. केमो रद्द झाली, ओसिमर्टिनिब सुरू झाली.

मधल्या काही दिवसांत गाठीत मोठा फरक पडला नाही असं धरून हिशेब मांडते, कारण सगळी गोम त्यातच आहे. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण चार मिलिलिटर प्लाझ्मा निघतो. दुसऱ्या नमुन्यात सहाच्या हिशेबाने एकूण २४ नॅनोग्रॅम डीएनए मिळाला. एका नॅनोग्रॅममध्ये जीनोमच्या सुमारे ३०० प्रती असतात, म्हणजे ७,२०० प्रती. यंत्रात जाईपर्यंत निम्म्या वाया जातात असं धरू, उरल्या ३,६००. त्यांच्या ०.७ टक्के म्हणजे टी७९०एमच्या २५ प्रती. एवढ्या दिसतातच.

पहिल्या नमुन्यात गाठीचा डीएनए तेवढाच होता, पण भोवती दहापट डीएनए. एकूण २४० नॅनोग्रॅम. त्यामुळे टी७९०एमचं प्रमाण ०.७ वरून ०.०७ टक्क्यावर आलं आणि एक्झॉन १९ चं २.२ वरून ०.२२ वर. त्यातून लॅबच्या पद्धतीप्रमाणे यंत्रात फक्त ३० नॅनोग्रॅम घातला जातो, म्हणजे पोतंभर तांदळातली एक मूठ निवडायला घेतल्यासारखं. त्या मुठीत ९,००० प्रती, निम्म्या गेल्या तर ४,५००, आणि त्यात टी७९०एमच्या जेमतेम तीन. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं, ‘डिटेक्शन लिमिट ०.५ टक्के’. दोन्ही बदल त्या रेषेच्या खाली गेले. तपासणी नेमून दिलेल्या मर्यादेत अगदी बरोबर चालली होती. चूक नळीत झाली होती, आणि ‘निगेटिव्ह’ हा शिक्का चुकीच्या जागी बसला होता.

ही ०.५ ची रेषा लॅब उगीच आखत नाही, हेही सांगायला हवं. टी७९०एममध्ये डीएनएचं ‘सी’ हे अक्षर ‘टी’ होतं. दुर्दैवाने डीएनए नळीत किंवा प्रक्रियेत खराब झाला तरी नेमका असाच बदल सर्वांत जास्त होतो. त्यामुळे दोन-तीन प्रती दिसल्या म्हणून ‘आहे’ लिहिणं धोक्याचं. एकेक प्रतीवर खूण चिकटवून मोजणाऱ्या पद्धती किंवा ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर ०.१ टक्क्यापर्यंत उतरू शकतात, पण त्यांनाही मुळात प्रती लागतात. अपेक्षा तीन प्रतींची असेल आणि ‘आहे’ म्हणायला किमान दोन दिसायला हव्यात असा नियम असेल, तर निव्वळ योगायोगाने पाचांतल्या एका नमुन्यात त्या हुकणार. यंत्र कितीही महाग असो, हा हिशेब बदलत नाही. बदलायचा तर रक्त जास्त घ्या, दोन नळ्या घ्या.

लॅबचालकांनो, पांढऱ्या पेशींची ही गळती तुम्हाला तपासणीआधीच दिसू शकते. रक्तात तरंगणाऱ्या डीएनएचे तुकडे लहान असतात, साधारण १६६ अक्षरांचे. तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या आलेखावर चांगल्या नमुन्यात १७० च्या आसपास एक स्वच्छ उंचवटा दिसतो. पेशी फुटलेल्या असतील तर उजवीकडे हजारोंच्या पट्ट्यात दुसरा मोठा डोंगर उभा राहतो. असा आलेख दिसला की तपासणी पुढे न रेटता नमुना नाकारायला हवा. पण नमुना नाकारला की कलेक्शन सेंटर वैतागतं, रुग्णाला पुन्हा यावं लागतं, बिल अडकतं. म्हणून डोंगर दिसत असूनही गाडी पुढे ढकलली जाते. हे मी आतून पाहिलेलं आहे.

नमुना घेण्याच्या पद्धतीत अवघड काही नाही. ईडीटीए नळी वापरायची तर चार तासांत, फार तर सहा तासांत प्लाझ्मा वेगळा झाला पाहिजे, आणि तोही दोनदा फिरवून : आधी हलक्या वेगाने पेशी खाली बसवायच्या, मग वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन जोरात फिरवायचा, म्हणजे राहिलेला गाळ जातो. नंतर तो गोठवून, कोरड्या बर्फात पाठवायचा. चिकोडी किंवा अथणीच्या सेंटरला हे जमणार नसेल तर सरळ स्ट्रेक नळी वापरावी. तिच्यात रक्त न गोठवता १४ दिवसांपर्यंत टिकतं, मात्र ६ ते ३७ अंशांच्या मध्ये. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतलं पार्सल ३७ च्या पुढे केव्हाच जातं. दुसरं टोकही आहे : सवयीने ही नळी फ्रीजमध्ये टाकणारे आहेत, तेही चूक. नळी रेषेपर्यंत भरायची, आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, हलवून फेस काढायचा नाही. आणि सीरमची नळी तर नकोच. रक्त गोठताना पांढऱ्या पेशींचा डीएनए त्यातही उतरतो.

आता डॉक्टर मंडळींशी थोडं बोलते, कारण सगळाच दोष नळीचा नसतो. नमुना उत्तम असूनही गाठ रक्तात डीएनए सोडतच नाही, असं होतं. आजार फक्त छातीत आणि कमी असेल तर असं होतं, फक्त मेंदूत पसरला असेल तर बहुतेक वेळा होतं. टी७९०एम गाठीत असून प्लाझ्मात न सापडण्याचं प्रमाण साधारण तीनांत एक असं धरून चालावं. म्हणून प्लाझ्मात नाही आलं तर गाठीच्या तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी, करा, असं मान्यताप्राप्त मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. तुकड्याचा आणखी एक फायदा रक्ताला कधीच देता येत नाही : काही रुग्णांत गाठीची जातच बदलून ती स्मॉल सेल होते. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं, आणि उपचार पूर्ण वेगळा होतो. मिरजेला किंवा टाटाला पाठवावं लागलं तरी अशा वेळी पाठवा.

दुसरा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो : दर दोन-तीन महिन्यांनी ‘फॉलोअप’ म्हणून केली जाणारी रक्ततपासणी. खानापूर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक ओसिमर्टिनिबवर आहेत. सीटी स्थिर, तब्येत ठीक, शेतावर जातात. पण रक्तातला मूळ बदल आधी दिसेनासा झाला होता तो ०.३ टक्के झाला, मग ०.९. घरच्यांची झोप उडाली. “गुरुजींची गोळी बदलायची का?” असं मला विचारलं. तो आकडा खोटा नाही. रक्तातला हा डीएनए काही मिनिटांत ते दोन-अडीच तासांत निम्मा होतो, त्यामुळे तो आजचीच स्थिती दाखवतो, आणि सीटीत दिसण्याआधी कित्येक आठवडे वाढू लागू शकतो. गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत ज्यांच्या रक्तातून हा बदल नाहीसा होतो, त्या रुग्णांचं पुढे जास्त चांगलं चालतं, हेही दिसलेलं आहे. पण आधी कळलं म्हणून आधी औषध बदललं, तर रुग्णाचा फायदा होतो का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आजाराआजारागणिक वेगळं आहे.

एक जुना धडा : स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात रक्तातल्या गाठीच्या पेशी, डीएनए नव्हे, तीन आठवड्यांनीही कमी झाल्या नाहीत तर केमो लगेच बदलावी का, हे अमेरिकेतल्या एस०५०० चाचणीने तपासलं. २०१४ मध्ये निकाल आला : लगेच बदलल्याने आयुष्य वाढलं नाही. उलट उदाहरणही आहे. २०२५ च्या सेरेना-६ चाचणीत स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात रक्तात ईएसआर१ या जनुकातला बदल दिसताच, स्कॅन बिघडण्याआधीच, हार्मोनची गोळी बदलून कॅमिझेस्ट्रंट दिलं, तर आजार १६ महिने आवरला, न बदलल्यास ९.२ महिने. एकूण आयुष्य वाढलं का, हे तो निकाल आला तेव्हा ठरलेलं नव्हतं. फरक लक्षात घ्या : तिथे ठराविक बदलाला ठराविक औषध होतं. गुरुजींच्या रक्तात वाढलेला आकडा ‘काहीतरी वाढतंय’ एवढंच सांगतो, पुढे कोणतं औषध हे सांगत नाही. चालू असलेली चांगली गोळी केवळ या आकड्यावर थांबवली, तर पुढचा पर्याय आपण लवकर खर्ची घालतो. सीटी ठरल्यापेक्षा थोडी आधी करावी, मेंदूचा एमआरआय पाहावा, हे समजण्यासारखं आहे. गुरुजींच्या डॉक्टरांनी तेच केलं, आणि गोळी चालू ठेवली.

निर्णयच बदलेल अशा ठिकाणी ही तपासणी खरोखर मोलाची ठरते. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगात, शस्त्रक्रियेनंतर, डायनॅमिक नावाच्या चाचणीने (२०२२) हे दाखवलं : रक्तात गाठीचा डीएनए सापडला तरच केमो द्यायची असं ठरवलं तर फक्त १५ टक्के रुग्णांना केमो लागली, नेहमीच्या पद्धतीने २८ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण मात्र जवळजवळ सारखंच राहिलं, ९३.५ आणि ९२.४ टक्के. इथे आकड्याला पुढचं पाऊल जोडलेलं होतं.

म्हणून माझं मागणं फार नाही. मागणीपत्रावर, म्हणजे रिक्विझिशनवर, डॉक्टरांनी दोन ओळी लिहाव्यात : गाठीत मूळ कोणता बदल होता, आणि या तपासणीतून काय ठरवायचं आहे. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर तपासणी पाठवू नये. बिल रुग्णाचं असतं, आणि एकाच वेळी अनेक जनुकं तपासणाऱ्या मोठ्या पॅनेलचं बिल साध्या ईजीएफआर तपासणीच्या कितीतरी पट येतं. लॅबने पहिल्याच पानावर टी७९०एमच्या शेजारी मूळ बदलाचं प्रमाण छापावं आणि दोन्ही दिसले नाहीत तर ‘निगेटिव्ह’ऐवजी ‘अनिर्णित, तुकड्याची तपासणी किंवा पुन्हा नमुना आवश्यक’ असं स्पष्ट लिहावं. नमुना कोणत्या नळीत, किती वाजता घेतला आणि प्लाझ्मा किती वाजता वेगळा केला, या वेळाही रिपोर्टवर याव्यात. आज त्या कुरियरच्या पावतीवर असतात, रिपोर्टवर नसतात.

मोठं पॅनेल करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. वय झालं की रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशींतच काही बदल साचतात, डीएनएमटी३ए, टेट२, कधी टीपी५३ या जनुकांतसुद्धा. ते प्लाझ्मात दिसतात आणि रिपोर्टमध्ये गाठीचे म्हणून छापले जातात. सत्तरीच्या माणसात गोळीने मूळ बदल नाहीसा झाला, पण टीपी५३ जसाच्या तसा एक टक्क्यावर बसून राहिला, तर आधी पांढऱ्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून तपासा. ‘औषधाला दाद न देणारा भाग’ म्हणून रुग्णाला घाबरवू नका.

राहता राहिलं कलेक्शन सेंटर. शुक्रवारी दुपारनंतर ईडीटीए नळीत हा नमुना घेऊ नका. रुग्ण निपाणीहून आला असेल आणि परत फेरी नको म्हणत असेल, तर स्ट्रेक नळी ठेवा. ती नळी महाग आहे हे मला माहीत आहे, पण वाया गेलेल्या तपासणीपेक्षा आणि चुकीच्या केमोपेक्षा स्वस्तच पडते. नळी, वेळ, तापमान आणि फोन नंबर एवढंच असलेली एकपानी सूचना मी मराठी-कन्नड दोन्हींत लिहून ठेवली आहे. ज्या सेंटरला ती भिंतीवर लावायची असेल, त्यांनी संपर्क करावा. छपाईचा खर्च मी करते.

आपली,
मॉलिक्युलर लॅबमधून निवृत्त झालेली एक बेळगावकर
टिळकवाडी, बेळगाव